नोंद जुनी, पण दोष अजून आहे का?

लिबरऑफिस हे मोफत मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर वापरताना काही बिघडलेलं दिसलं आणि तुम्ही त्याची रीतसर नोंद केली, तर कधीतरी तुम्हाला एक मेल येतो. तुम्ही नोंदवलेल्या दोषाला वर्षभरात कुणी हात लावलेला नाही, मधल्या काळात सॉफ्टवेअरमध्ये हजारो बदल झाले आहेत, तेव्हा आजच्या आवृत्तीत तो दोष अजून दिसतो का हे कृपया तपासून सांगा, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. मेल यंत्राने पाठवलेला असतो. अनेकांना तो वाचून राग येतो. इतकी वर्षं तुम्ही काही केलं नाही आणि आता काम मलाच सांगता?

हा राग मला खोटा वाटत नाही. दोष नोंदवणाऱ्याने आपला अर्धा-पाऊण तास दिलेला असतो, चित्रं जोडलेली असतात, आणि समोरून वर्षानुवर्षं शांतता असते. तरीही तो मेल पाठवावा लागतो. जुन्या दोषांच्या ढिगाचं काय करायचं, हा सॉफ्टवेअरच्या जगातला अवघड प्रश्न त्यामागे आहे, आणि लिबरऑफिसच्या उदाहरणावरून तो चांगला समजतो, कारण तिथली नोंदवही कुणालाही उघडून वाचता येते.

लिबरऑफिसचा जन्म 28 सप्टेंबर 2010 चा. ओपनऑफिस या आधीच्या सॉफ्टवेअरच्या कोडवरूनच ते वेगळं निघालं. कोडबरोबर त्यातले दोषही आले. म्हणजे या प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच थकबाकी होती. नोंदवहीत प्रत्येक दोषापुढे ‘कोणत्या आवृत्तीपासून’ असा रकाना असतो. त्यात आजही `Inherited From OOo` असा एक पर्याय आहे. वारशात आलेला दोष, इतकाच त्याचा अर्थ. नोंदींचे क्रमांक आता दीड लाखाच्या पुढे गेले आहेत.

असा ढीग वाढतोच. दोष नोंदवायला मिनिटं लागतात आणि दुरुस्त करायला दिवस. नोंदवणारे लाखोंत, दुरुस्त करणारे मोजके. पण नुसता मोठा ढीग ही खरी अडचण नाही. अडचण अशी की काही काळाने ती वही खरं बोलेनाशी होते. बरे झालेले दोष तिथे उघडे दिसतात आणि जिवंत दोष बंद झालेले दिसतात. प्रोग्रामर अशा वहीवर विश्वास ठेवणं सोडून देतो आणि स्वतःला आठवेल ते दुरुस्त करू लागतो.

म्हणून निवडानिवड करावी लागते. तिला या धंद्यात ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणं, वेगळं काढणं. युद्धातल्या जखमींपैकी आधी कुणावर उपचार करायचे हे ठरवण्यासाठी तो वापरला गेला आणि तिथून इस्पितळांच्या आपत्कालीन विभागांत स्थिरावला. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो तिथून उचलला. मात्र एक फरक विसरला की पुढचं सगळं चुकतं. जखमी माणसाची अवस्था तासागणिक बदलते. दोष आपणहून बरा होत नाही आणि चिघळतही नाही. बदलतो तो त्याच्या आजूबाजूचा कोड. त्यामुळे नोंद आठ वर्षांची आहे एवढ्यावरून दोषाबद्दल काहीच कळत नाही. इतकंच कळतं की तो पुन्हा तपासायला हवा.

तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं? एक नोंद घेऊ. ती मी समजण्यासाठी रचलेली आहे, पण अशा नोंदी असतात. समजा 2014 साली एका शिक्षिकेने लिहिलं: विंडोजवर रायटरमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द तुटका दिसतो, ‘र’ वेगळा आणि ‘या’ वेगळा. आवृत्ती 4.2. दुसऱ्या एकाने तेव्हाच ‘माझ्याकडेही तसंच’ असं लिहिलं आणि नोंदीची अवस्था `UNCONFIRMED` वरून `NEW` झाली, म्हणजे दोष खरा आहे यावर शिक्का बसला. पुढे शांतता. फाइल जोडलेली नाही, फाँटचं नाव नाही.

पहिलं काम शोधाचं. हाच दोष आणखी कुणी वेगळ्या शब्दांत नोंदवला आहे का? देवनागरीच्या दोषांत ही फार मोठी अडचण असते, कारण एकाच गोष्टीला कुणी रेफ म्हणतो, कुणी जोडाक्षर, कुणी ‘अक्षर तुटतं’, आणि नोंदी असतात इंग्रजीत. दोन सारख्या नोंदी सापडल्या तर एक दुसरीची डुप्लिकेट म्हणून मिटवायची. कोणती ठेवायची? क्रमांकाने जुनी ती ठेवावी असं अनेकांना वाटतं. जिच्यात माहिती जास्त ती ठेवणं शहाणपणाचं. दुरुस्त करणाऱ्याला मान कुणाचा पहिला याच्याशी कर्तव्य नसतं, त्याला नमुना हवा असतो.

नमुना इथे नाहीच, म्हणून तो बनवावा लागेल. आणि इथे मराठीची खास गोम आहे. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धचंद्रासारखा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’, मग हलन्त आणि ‘य’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शिक्षिकेने कोणता कीबोर्ड वापरला यावर तिच्या फाइलमध्ये कोणता प्रकार होता ते ठरतं, आणि ते तिलाही माहीत असणं शक्य नाही. म्हणून नमुन्याच्या फाइलमध्ये दोन्ही प्रकार लिहायचे, एकदा मंगल फाँटमध्ये आणि एकदा नोटो सान्स देवनागरीमध्ये. चार ओळींची फाइल झाली.

आता ती आजच्या आवृत्तीत उघडली. चारही ओळी नीट. बहुतेक जण इथेच थांबतात, ‘माझ्याकडे चालतं’ लिहितात आणि नोंद बंद करतात. ही घाई आहे. आपल्या फाइलमध्ये तो दोष मुळात होता का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कदाचित तो तिसऱ्याच कुठल्या फाँटमध्ये असेल. म्हणून तीच फाइल जुन्या 4.2 मध्ये उघडायची. लिबरऑफिसच्या जुन्या आवृत्त्या अजूनही उतरवून घेता येतात आणि नव्याशेजारी ठेवता येतात. समजा तिथे मंगलमधली दुसऱ्या प्रकारची ओळ तुटलेली दिसली. आता आपण शिक्षिकेने पाहिलं तेच पाहत आहोत. जुन्यात बिघडलेलं पाहिल्यावरच नव्यात ‘बिघडत नाही’ या वाक्याला वजन येतं. माझ्या मते जुन्या दोषांच्या तपासणीतली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी आहे.

शेवटी कारण. फेब्रुवारी 2017 मध्ये आलेल्या 5.3 आवृत्तीत लिबरऑफिसने अक्षरांची मांडणी करणारा भागच बदलला. तोपर्यंत विंडोजवर ते काम विंडोजचं स्वतःचं यंत्र करत असे, मॅकवर मॅकचं. 5.3 पासून सगळीकडे हार्फबझ हे एकच यंत्र आलं. म्हणून फाइल 5.2 मध्ये उघडली आणि 5.3 मध्येही उघडली. पहिल्यात तुटलेली, दुसऱ्यात नीट. आता नोंद बंद करता येते आणि ती का बंद केली हे दोन ओळींत लिहिता येतं. अवस्था `RESOLVED WORKSFORME`. लिबरऑफिसच्या रिवाजात `FIXED` हा शब्द कोणत्या नेमक्या बदलाने दोष गेला हे ठाऊक असेल तेव्हाच वापरतात. मला ही काटेकोर सवय आवडते.

इथून एक उपयोगी गोष्ट हाताला लागते. एका दोषामागे अक्षरमांडणीतला बदल निघाला, तर 2017 पूर्वीच्या, विंडोजवरच्या, भारतीय लिपींच्या सगळ्या नोंदी एकत्र काढून एका बैठकीत तपासायला घ्याव्यात. वयाने क्रम लावून वरून खाली जाण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी. ढिगाला वयाचे थर पाडू नयेत, त्याखालचा कोड कधी बदलला त्याचे पाडावेत.

उलटं निघालं असतं तर? म्हणजे जुन्या आवृत्तीत नीट आणि नव्यात तुटलेलं? मग तो दोष वेगळ्या जातीचा. आधी चालत होतं ते आपणच मोडलं, याला रिग्रेशन म्हणतात, आणि त्याला रांगेत पुढे घेतात. कारण भावनिक नाही, व्यवहारी आहे. कुठल्या बदलाने मोडलं हे शोधता येतं, आणि तो बदल करणारा माणूस बहुधा अजून आसपास असतो, त्याला आठवत असतं. लिबरऑफिसच्या चाचणी करणाऱ्यांकडे यासाठी तयार बांधलेल्या आवृत्त्यांचे संच असतात. एक आज्ञा द्यायची:

```
git bisect start master oldest
```

संगणक संचाच्या मधोमधची आवृत्ती समोर ठेवतो. फाइल उघडून पाहायची, नीट असेल तर `git bisect good`, मोडलेली असेल तर `git bisect bad`. प्रत्येक उत्तराला उरलेल्यांतल्या निम्म्या आवृत्त्या बाद होतात. संचात 1,000 आवृत्त्या असल्या तरी दहा वेळा पाहून गुन्हेगार सापडतो. यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही, डोळे आणि धीर लागतो. पण वेळ गेला की फायदाही जातो. पाच वर्षांनी बदल सापडतो खरा, तो करणारा मात्र दुसऱ्या नोकरीत असतो आणि त्या कोडवर आणखी पन्नास बदल चढलेले असतात. म्हणून नव्या रिग्रेशनची निवड आठवड्यात व्हायला हवी. जुन्या वारशातले दोष थांबू शकतात.

आपल्या ‘दुसऱ्या’कडे परत येऊ. चार ओळींची फाइल तपासताना आणखी काही दिसलं. शोधाच्या खिडकीत ‘दुसऱ्या’ टाइप केलं तर चारपैकी दोनच ओळी सापडल्या, कारण टाइप केलेला प्रकार आणि उरलेल्या ओळींतला प्रकार वेगळा. ही गोष्ट जुन्या नोंदीत चिकटवायची नाही. एका नोंदीत एकच दोष, हा नियम मोडला की नोंद कधीच बंद होत नाही, कारण अर्धं काम झालेलं असतं आणि अर्धं उरलेलं. म्हणून नवी नोंद, आणि तिच्यापुढे आता दोन वेगळे प्रश्न: दोष किती गंभीर, आणि तो कधी हाती घ्यायचा.

पहिल्याला सिव्हेरिटी म्हणतात, दुसऱ्याला प्रायॉरिटी. मी त्यांना गांभीर्य आणि अग्रक्रम म्हणेन. लोक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग बैठकींत तास वाया जातात. गांभीर्य दोषाचं असतं: तो घडला तर समोरच्याचं काय नुकसान होतं? फाइल गेली, प्रोग्राम बंद पडला, तर गंभीर. बटण दोन पिक्सेल सरकलं, तर किरकोळ. हे उत्तर आज आणि पुढच्या वर्षी सारखंच राहतं. अग्रक्रम आपल्या वेळेचा असतो: किती जणांना होतो, पर्याय आहे का, पुढची आवृत्ती कधी आहे, दुरुस्त करायला कुणाला येतं? हे उत्तर दर महिन्याला बदलू शकतं. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या विस्मरणात गेलेल्या फाइलप्रकाराने प्रोग्राम बंद पडत असेल, तर गांभीर्य मोठं आणि अग्रक्रम खालचा. यात विसंगती काहीच नाही.

शोधाच्या दोषाचं गांभीर्य काय? प्रोग्राम बंद पडत नाही, मजकूर जात नाही, दोनदा शोधलं तर काम होतं. वरवर पाहता किरकोळ. पण तीनशे पानांचं पुस्तक सुधारणाऱ्या संपादकाचा विचार करा. प्रकरणं चार जणांनी टाइप केलेली. तो ‘शोधा आणि बदला’ चालवतो, संगणक सांगतो इतके बदल झाले, आणि उरलेले तसेच राहतात. कसलीही सूचना न देता. जो दोष आरडाओरडा करतो त्याच्यापासून माणूस सावध होतो. गप्प राहणारा दोष छपाईपर्यंत जातो. म्हणून मी त्याला ‘किरकोळ’वरून एक पायरी वर, ‘सामान्य’ म्हणेन. दुसरा तपासनीस म्हणेल की युनिकोडनेच हे दोन प्रकार समान मानलेले नाहीत, लिबरऑफिस सांगितलेलं करतं आहे, तेव्हा याला दोष न म्हणता सुधारणेची मागणी म्हणा. हे म्हणणं चुकीचं नाही. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही बाजू नोंदीत लिहून ठेवणं बरं. निर्णय पाच वर्षांनी कुणीतरी पुन्हा तपासणार आहे, त्याला कारणं सापडली पाहिजेत.

अग्रक्रमाचं अधिक अवघड. किती जणांना होतो, हे मोजायचं कसं? साधारणपणे डुप्लिकेट नोंदी किती आल्या, किती जणांनी नोंदीवर लक्ष ठेवलं, यावरून अंदाज बांधतात. जर्मन किंवा फ्रेंच माणसाला अडचण आली तर महिन्याभरात पाच नोंदी येतात. मराठीत टाइप करणारा माणूस नोंद करत नाही. इंग्रजीत लिहायला संकोचतो, किंवा ‘मराठीचं असंच असतं’ म्हणून हाताने दुरुस्त करून पुढे जातो. परिणाम असा की सोसणारे पुष्कळ आणि मोजले गेलेले दोन. तपासनीसाने लबाडी केलेली नसते, त्याच्यासमोरचा आकडाच तोकडा असतो. आकड्यांवरून अग्रक्रम लावणाऱ्या प्रत्येक पद्धतीची ही मर्यादा आहे.

आता बंद करण्याबद्दल. बंद करण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं नाव वेगळं ठेवलेलं असतं, ते उगाच नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे छापले जातात, अशी तक्रार आली आणि तपासल्यावर कळलं की त्या फाँटमध्ये मराठी वळणाची अक्षरंच नाहीत, तर `NOTOURBUG`: दोष आहे, पण दार चुकलं, फाँट करणाऱ्याकडे जा. दुरुस्त करता येईल पण करणार नाही असं ठरलं तर `WONTFIX`. हा शब्द लिहायला धैर्य लागतं, म्हणून लोक तो टाळतात आणि नोंद सर्वांत खालच्या अग्रक्रमात ढकलून देतात. मला ते वाईट वाटतं. ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसरी वाट शोधतो. ‘बघू’ ऐकलेला दहा वर्षं वाट पाहतो.

माहितीच अपुरी असेल तर नोंद `NEEDINFO` मध्ये जाते. लिबरऑफिसमध्ये सहा महिने उत्तर आलं नाही की आठवण पाठवतात, आणि आणखी महिनाभराने ती `INSUFFICIENTDATA` म्हणून बंद होते. हे मला न्याय्य वाटतं, कारण ते दोष नाही असं म्हणत नाही, आम्हाला कळत नाही एवढंच म्हणतं. आणि नोंद पुन्हा उघडता येते.

नुसत्या वयावरून बंद करणं मात्र वेगळं. फेडोरा लिनक्समध्ये प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने आधार मिळतो, आणि तो संपला की त्या आवृत्तीच्या उघड्या नोंदी बंद केल्या जातात. आधी सूचना देतात, नव्या आवृत्तीत दोष असेल तर आवृत्तीचा आकडा बदला म्हणतात. नियम कडक आहे, पण उघड आहे. वाईट प्रकार तो, जिथे कुणी काही तपासलेलं नसतं आणि ढीग लहान दिसावा म्हणून शेकडो नोंदी एका फटक्यात मिटवल्या जातात. नेटस्केप आणि मोझिलाच्या सुरुवातीच्या काळातले प्रोग्रामर जेमी झाविन्स्की यांनी 2003 साली ग्नोम प्रकल्पावर नेमकी हीच टीका केली होती: दोष नोंदवा, कुणी बघत नाही, मग सगळं नव्याने लिहिलं जातं आणि जुन्या नोंदी न वाचता बंद होतात, नव्यातही तोच दोष असतो. ती टीका आजही लोक आठवतात, कारण तो अनुभव अनेकांचा आहे.

वय हे बंद करण्याचं कारण का असू नये, याचा एक पुरावा फायरफॉक्समध्ये आहे. दुसऱ्या खिडकीत गेलं तरी माहितीची छोटी चौकट वर तरंगतच राहते, असा एक दोष 2002 मध्ये नोंदवला गेला. क्रमांक 148624. तो दुरुस्त झाला 2023 मध्ये. गांभीर्य मोठं नव्हतं, अग्रक्रमही कधी वर गेला नाही. पण नोंद उघडी होती, खरी होती, आणि म्हणूनच हात लावणाऱ्याला सापडली.

तेव्हा तो मेल आला तर रागावा, पण उत्तर द्या. मेलला उत्तर देऊन उपयोग नाही, नोंदीच्या पानावर जाऊन लिहा. आजची आवृत्ती बसवा, जुनी फाइल उघडा, आणि दोष दिसत असेल तर ‘मदत’ यादीतल्या माहितीच्या खिडकीतून आवृत्तीचा मजकूर तिथे चिकटवा. आवृत्तीचा रकाना बदलू नका, कारण त्यात दोष पहिल्यांदा कधी दिसला ते लिहिलेलं असतं. फाइल जोडा आणि फाँटचं नाव लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. मराठीतला दोष मराठी वाचणाऱ्याखेरीज कुणालाच दिसत नाही, त्यामुळे तो अजून आहे की गेला, हे तुम्हीच सांगू शकता.